सेहेचाळीस पानं ते दोनशे शब्द: ‘आपण’च्या सारांशाच्या नोंदी

५ ऑगस्ट

काम हाती घेतलं. भाषाविज्ञानात एम.ए. करणारी विद्यार्थिनी, लघुप्रबंध जवळजवळ पुरा, आणि त्यातल्या तिसऱ्या प्रकरणावर तिला एका चर्चासत्रात बोलायचं आहे. सारांश मराठीत आणि इंग्रजीत, प्रत्येकी दोनशे शब्द. मुदत महिनाअखेर. माझं काम भाषा तपासण्याचं, पण तिच्या फोनवरून कळलं की भाषा तपासण्याआधी बरंच काही करायचं आहे. “ताई, सरांनी सांगितलंय की प्रकरणाची प्रस्तावना उचल आणि कमी कर. कमी करते आहे तर काहीच उरत नाहीये.”

प्रकरण सेहेचाळीस पानांचं. विषय मला पहिल्याच पानावर आवडला. गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांमध्ये लोक ‘आम्ही’ कधी म्हणतात आणि ‘आपण’ कधी. तिच्याकडे पुण्यातल्या चार सोसायट्यांच्या सहा सभांचं ध्वनिमुद्रण आहे, सभासदांना विचारून केलेलं, आणि त्याच सभांची इतिवृत्तं आहेत. स्वतःच्या सोसायटीची सभा आठवून मी दोनदा हसले.

आज फक्त वाचन. पेन्सिल हातात घेतली नाही.

६ ऑगस्ट

दुसरं वाचन, आता पेन्सिल घेऊन. एकच खूण करायची ठरवली होती: जिथे तिचं स्वतःचं म्हणणं आहे तिथे समासात रेघ. इतरांचं म्हणणं, व्याकरणाचा आढावा, सामग्री कशी गोळा केली, हे सगळं बिनरेघेचं.

पहिल्या अठरा पानांत एकही रेघ नाही. तिथे सर्वनामांचा इतिहास आहे: ‘आपण’ संस्कृत ‘आत्मन्’वरून कसा आला, गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद कसा आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’, आणि हिंदीत मात्र एकटं ‘हम’ दोन्हीकडे राबतं. हे सगळं बरोबर आहे आणि तिने नीट लिहिलंय. पण यातलं काही तिने शोधलेलं नाही. तिने सरांच्या सांगण्याप्रमाणे प्रस्तावना उचलली होती, म्हणजे नेमका हाच भाग उचलला होता. काहीच उरत नव्हतं ते म्हणून.

रेघा सुरू होतात एकोणिसाव्या पानावर आणि खऱ्या गर्दी करतात एकतिसाव्या पानापासून. तिथे एका सभेतला टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आहे. सचिव म्हणतात, “आम्ही तीन कोटेशनं मागवली, आम्ही स्वतः वर जाऊन पाहिलं.” चार वाक्यं पुढे, “तर आता आपल्याला प्रत्येकी बारा हजार भरावे लागतील.” आणि मागच्या रांगेतून एक बाई म्हणतात, “तुम्ही ठरवलंत, मग तुम्हीच भरा.”

एवढ्या तीन वाक्यांत प्रकरण आहे. काम केलं ते ‘आम्ही’, पैसे भरायचे ते ‘आपण’, आणि ज्याला हे मान्य नाही त्याचं उत्तर ‘तुम्ही’.

७ ऑगस्ट

तिला घरी बोलावलं. प्रकरण बंद करून ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “कागदाकडे न बघता एका वाक्यात सांग, तुला काय सापडलं?”

पहिला प्रयत्न: “मराठीत समावेशक आणि व्यावर्तक अशी दोन सर्वनामं आहेत आणि सभेत त्यांचा वापर कसा होतो ते मी पाहिलं.” हे वाक्य ती सभेला जाण्याआधीही लिहू शकली असती. विषय सांगितला, सापडलेलं सांगितलं नाही.

दुसरा: “पैशाचा विषय आला की समिती ‘आम्ही’वरून ‘आपण’वर येते.” हे सापडलेलं आहे. मी विचारलं, बरं, मग? ती थोडी चिडली. मग म्हणाली, “मग काय, ऐकणाऱ्याला न विचारता त्याला निर्णयात घेतात. तो ‘आपण’मध्ये आला म्हणजे त्याचं हो आलं असं धरून चालतात.”

हे तिसरं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. प्रकरणात ते कुठेच नव्हतं. चव्वेचाळिसाव्या पानावर त्याच्या जवळपास जाणारं एक वाक्य आहे, पण तिथे ‘असे म्हणता येण्यास वाव आहे असे दिसून येते’ अशी तीन पांघरुणं आहेत.

चहा घेताना तिने सांगितलं की सोसायटीतल्या मुलांच्या बोलण्यात ‘आपण’ म्हणजे नुसता ‘मी’ असाही येतो: “आपण नाही येणार बुवा.” त्याच्यावर दीड पान आहे. छान आहे, पण सभेत तो एकदाही आलेला नाही. एक नवी फाईल उघडून तिला ‘उरलेलं’ असं नाव दिलं आणि ते दीड पान तिकडे हलवलं. कापायला हात धजत नसेल तर अशी फाईल करावी. मजकूर मेलेला नाही, शेजारच्या खोलीत आहे, एवढं कळलं की माणूस मोकळेपणाने कापतो.

१० ऑगस्ट

मराठी मसुदा तिने पाठवला. दोनशे अठ्ठ्याऐंशी शब्द. पहिलं वाक्य:

“प्रस्तुत शोधनिबंधामध्ये गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांमध्ये सदस्यांकडून करण्यात येणाऱ्या सर्वनामांच्या वापराचा भाषावैज्ञानिक दृष्टिकोनातून सखोल अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आलेला आहे.”

‘करण्यात येणाऱ्या’, ‘करण्याचा’, ‘करण्यात’, ‘आलेला’. एका वाक्यात इतकं ‘करणं’ आणि केलं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘सखोल’ हे स्वतःच्या अभ्यासाला स्वतः म्हणायचं नसतं. ‘प्रयत्न’ तर काढायलाच हवा, कारण अभ्यास झालेला आहे, ती फक्त नम्रतेने प्रयत्न म्हणते आहे. दोघींनी मिळून जे केलं ते असं:

“सर्वसाधारण सभेत कामाचे श्रेय आणि खर्चाचा भार यांची वाटणी कशी होते, याचा माग ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन सर्वनामांच्या वापरातून या निबंधात घेतला आहे.”

शब्द कमी झाले नाहीत, उलट चार वाढले. पण आता श्रेय आणि भार दोन्ही पहिल्या ओळीत आहेत, आणि सर्वनामं कोणती तेही आहे. सारांश निवडणारे लोक अशा पन्नासेक सारांशांच्या गठ्ठ्यातून जात असतात. तिसऱ्या वाक्यापर्यंत मुद्दा आला नाही तर तो आलाच नाही असं समजावं.

‘समावेशक’ आणि ‘व्यावर्तक’ यांवर वाद झाला. तिला हे शब्द हवेत, कारण पारिभाषिक आहेत. माझं म्हणणं, चर्चासत्राला भाषाविज्ञानाबरोबर समाजशास्त्राचे लोकही येणार आहेत आणि ‘व्यावर्तक’ त्यांना अडेल. शेवटी ‘श्रोत्याला सामावणारे’ आणि ‘श्रोत्याला वगळणारे’ असं ठेवलं. पारिभाषिक शब्द बीजशब्दांत गेले. बीजशब्द शोधण्यासाठी असतात, तिथेच त्यांचा उपयोग.

१२ ऑगस्ट

आज सरांकडून एक सूचना आली. मराठीतला हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, हे मत सारांशात एका वाक्यात यावं.

दिवसभर ते वाक्य आत-बाहेर करत राहिलो. मत जुनं आहे, अभ्यासकांत प्रसिद्ध आहे, आणि वाक्य वजनदार दिसतं. पण सहा सभांच्या ध्वनिमुद्रणातून त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही निघत नाही. सारांशात ते आलं तर कोणीतरी नेमका त्यावरच प्रश्न विचारणार, आणि तिच्या पंधरा मिनिटांतली पाच तिकडे जाणार.

संध्याकाळी तिने सरांना फोन करून हेच सांगितलं. सर म्हणाले, “बरोबर आहे, प्रबंधात राहू दे.” ‘उरलेलं’मध्ये गेलं.

१४ ऑगस्ट

मराठी मसुद्यात एक चूक सापडली, आणि ती प्रकरणातही आहे. वाक्य असं होतं: “भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नसल्याने ‘आपण’चा अर्थ संदिग्ध राहतो.”

मोठ्याने वाचलं तेव्हा खटकलं. ‘आपण गेलो’ आणि ‘आपण गेलात’. इथे भूतकाळच आहे, आणि क्रियापद स्पष्ट सांगतं की पहिला ‘आपण’ म्हणजे सगळे आणि दुसरा म्हणजे आदराने समोरचा. संदिग्ध काही नाही. घोळ होतो तो ‘ठरवणं’, ‘मागवणं’, ‘पाहणं’ अशा सकर्मक क्रियापदांत, कारण तिथे भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: आपण निर्णय घेतला, आपण सही घेतली, आपण कोटेशन मागवलं. कर्ता कोण, याचा क्रियापदाला पत्ता नाही.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. समोरच्याला आदराने म्हणायचं असेल तर शेवटी ‘त’ लागतो: ‘आपण ठरवलंत’. हा ‘त’ असला की अर्थ उलगडतो. पण बोलताना तो गिळला जातो. तिने ध्वनिमुद्रण काढून ऐकवलं. एक आजोबा अध्यक्षांना म्हणतात, “आपण ठरवलं ना मागच्या वेळी?” मी तीनदा ऐकलं. ‘त’ नाही. आजोबा अध्यक्षांना जाब विचारतायत, की सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं याची आठवण देतायत? अध्यक्षांनीही दुसराच अर्थ घेतला आणि म्हणाले, “हो, आपण सगळ्यांनीच.” आजोबा गप्प बसले. बहुधा त्यांना ते म्हणायचं नव्हतं.

प्रकरणात हा प्रसंग तळटीपेत होता! तिला म्हटलं, भाषणात हा पहिला सांग.

दुरुस्ती: ‘भूतकाळात’च्या जागी ‘सकर्मक भूतकाळी वाक्यांत’, आणि ‘संदिग्ध राहतो’च्या जागी ‘रूपावरून नेहमी कळत नाही’. ‘नेहमी’ हा शब्द त्या ‘त’साठी आहे. प्रकरणातही तेवढी ओळ बदलायला सांगितली. कमी शब्दांत लिहायला बसलं की अशी ढिली वाक्यं हाताला लागतात. सेहेचाळीस पानांच्या प्रवाहात ती वाहून जातात.

१७ ऑगस्ट

इंग्रजीला सुरुवात. तिने मराठी सारांश ओळीने इंग्रजीत आणून पाठवला होता. इंग्रजी चुकीची नव्हती, पण मराठी न जाणणाऱ्या माणसाला त्यातलं काही कळलं नसतं. कारण मराठी वाचकाला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ एवढं म्हटलं की पुरतं, उरलेलं त्याच्या तोंडातच आहे. इंग्रजी वाचकाकडे दोन्हींसाठी एकच ‘वी’. त्याला आधी हे सांगायला हवं की या भाषेत ‘वी’ म्हणताना दर वेळी ठरवावं लागतं, ऐकणारा त्यात आहे की नाही. एवढ्याला इंग्रजीत अठ्ठावीस शब्द गेले.

म्हणजे दोन सारांशांचा आराखडा एक असू शकत नाही. मराठीत दुसऱ्या वाक्याचं काम ‘हे माहीतच आहे, मग प्रश्न काय?’ याला उत्तर देणं, आणि इंग्रजीत दुसऱ्या वाक्याचं काम ‘हे म्हणजे काय?’ याला. मी तिला मराठी मसुदा मिटायला सांगितला आणि ७ तारखेचं तिसरं वाक्य समोर ठेवून इंग्रजी नव्याने लिही म्हटलं.

आणखी एक अडचण शब्दसंख्येची. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी शब्दालाच चिकटतात. ‘सभासदांच्या संमतीने’ हे दोन शब्द. इंग्रजीत ‘विथ द कन्सेंट ऑफ द मेंबर्स’ म्हणजे सहा. तेच म्हणणं, तिप्पट मोजणी. मराठी दीडशेत बसतं तिथे इंग्रजी दोनशेच्या काठावर येतं. दोन्हींना दोनशेच मर्यादा ठेवणाऱ्यांनी हे कधी लिहून पाहिलं नसावं. इंग्रजीतून काय जाणार हे म्हणूनच आधी ठरवलं: इतिवृत्ताविषयीचं वाक्य आखूड, आणि सोसायट्यांचं वर्णन फक्त ‘पुण्यातल्या चार’ एवढंच.

१९ ऑगस्ट

आजचा दिवस एका ओळीत गेला, पण या कामातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच निघाली.

इंग्रजीत उदाहरण कसं द्यायचं? भाषाविज्ञानात पद्धत अशी की मूळ वाक्य रोमन लिपीत, खाली प्रत्येक शब्दाची फोड, खाली भाषांतर. तिने प्रकरणातून हे उचललं होतं:

```
āpaṇ      ṭharav-la
1PL.INCL  decide-PST.3SG.N
```

पहिली कुरकुर लिपीची. काटेकोर लिप्यंतर केलं तर ‘ठरवलं’चं ṭharavalaṁ होतं, उच्चारात मात्र मधला अ नाही आणि शेवटी अनुस्वारही नाही. तिने सगळ्या प्रकरणात उच्चाराप्रमाणे लिहिलंय, तेच ठेवलं. पद्धत कोणतीही चालेल, दोन मिसळू नयेत.

दुसरी कुरकुर अर्जाची. ओळीखाली ओळ जुळवायला मोकळ्या जागा लागतात आणि ऑनलाइन अर्ज त्या गिळतो. सगळं एका ओळीत सांडलं.

पण खरी गोष्ट तिसरी. मी त्या `1PL.INCL`कडे बघत होते. त्याचा अर्थ प्रथमपुरुषी, अनेकवचनी, श्रोत्याला धरून. आणि तिचा सगळा मुद्दा असा आहे की ‘आपण ठरवलं’मध्ये श्रोता धरला आहे की तोच एकटा आहे, हे ठरत नाही! फोड लिहिताना आपण लेबल लावलं आणि जो प्रश्न होता तो निकालात काढला. ती म्हणाली, “ताई, पण काहीतरी लेबल लावावंच लागतं.” प्रकरणात हो, आणि तिथे तिने आता एकाच वाक्याच्या दोन फोडी शेजारी दिल्या आहेत, दुसरी आदरार्थी द्वितीयपुरुषाची. सारांशात तेवढी जागा नाही.

भाषांतरातही तेच. ‘वी डिसायडेड’ लिहिलं की एक अर्थ मेला, ‘यू डिसायडेड’ लिहिलं की दुसरा. तेव्हा ठरलं: इंग्रजी सारांशात āpaṇ हा शब्द तसाच ठेवायचा, तिरप्या अक्षरांत, आणि ‘ॲन āpaṇ ऑफ द डिसिजन’ अशा चमत्कृती न करता सरळ म्हणायचं की āpaṇ ṭharavla याचं ‘आम्ही आणि तुम्ही मिळून ठरवलं’ असंही इंग्रजी होतं आणि ‘आदरणीय तुम्ही ठरवलं’ असंही. बत्तीस शब्द. महाग, पण ज्याला मराठी येत नाही त्याला याच ओळीत प्रश्न दिसतो.

गंमत अशी की ही ओळ इंग्रजीत झाल्यावर मराठी सारांश फिका वाटायला लागला. मराठीतही मग ‘आपण म्हणजे सारे की समोरची व्यक्ती’ एवढे शब्द घातले. त्याआधी तिथे नुसता ‘अर्थ’ हा शब्द होता.

२१ ऑगस्ट

दोन्ही सारांश शेजारी ठेवून ताळा केला. शब्द जुळतात का ते पाहिलं नाही, दावे जुळतात का ते पाहिलं. समितीचे लोक ‘बहुधा’ असं बोलतात, असं मराठीत. इंग्रजीत तो ‘बहुधा’ गळून ‘ऑल्वेज’सारखा सूर आला होता. मराठीत ‘आढळते’, इंग्रजीत ‘प्रूव्ह्ज’. सहा सभांवरून काही सिद्ध होत नाही. इंग्रजीत लिहिताना माणसं उगाच मोठ्या आवाजात बोलतात, मीही बोलते. ‘प्रूव्ह्ज’ काढून ‘सजेस्ट्स’ घातलं, ‘बहुधा’ परत आणला.

तिने कुठे किती वेळा बदल होतो याची टक्केवारी काढली आहे. ती सारांशात हवी का? मी नको म्हटलं. एका सभेत कोणी फार बोलका सचिव असला की सगळा आकडा त्याचाच होतो, आणि तसा एक आहे. चर्चासत्रात त्या टक्केवारीवर बोलताना हे सांगता येईल. सारांशात आकडा एकटा उभा राहतो. सोसायट्या चार आणि सभा सहा, एवढे दोनच आकडे ठेवले.

आणि तिचं स्वतःचं सर्वनाम! मराठी मसुद्यात एका ठिकाणी ‘आपण पाहतो की’ राहिलं होतं. वाचकाला न विचारता आत घेणारा ‘आपण’, अगदी सचिवांसारखा. इंग्रजीत ‘वी आर्ग्यू’ होतं. लेखिका एक, मग हे ‘वी’ कोण? मराठीत ‘येथे प्रतिपादन केले आहे’ आणि इंग्रजीत ‘आय आर्ग्यू’ केलं. सरांना ‘आय’ चालेल का याची तिला धाकधूक होती. चाललं.

२४ ऑगस्ट

अर्ज भरताना अडलो. इंग्रजी सारांश गेला. मराठी टाकला की लाल अक्षरांत संदेश, मर्यादा ओलांडली. अर्जात मर्यादा दोन हजार ‘कॅरेक्टर’ची, आणि संगणकाच्या मोजणीत आमचा मजकूर अकराशेच्या घरात. तिला वाटलं कुठेतरी अदृश्य काही चिकटलंय. पुन्हा टंकलं, तेच.

कारण मोजण्याच्या पद्धतीत होतं. ‘स्त्री’ डोळ्यांना एकच जोडाक्षर दिसतं, युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. ही मोजणी तरी समजण्यासारखी आहे. पण काही अर्ज चिन्हं न मोजता बाइट मोजतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. तिच्या भावाने मशिनवर दाखवलं:

```
>>> len("स्त्री")
6
>>> len("स्त्री".encode("utf-8"))
18
```

म्हणजे अकराशे चिन्हांचा मजकूर त्या अर्जाला तीन हजारांच्या पुढे वाटत होता. दोन हजारांत बसवायचं तर मराठी सारांश सुमारे शंभर शब्दांचा करावा लागला असता, दोनशेची परवानगी असताना. मराठी सारांश मागणाऱ्या अर्जाने मराठीचं असं मोजमाप करावं याचा मला राग आला, पण राग आयोजकांच्या पत्त्यावर न पाठवता तिने दोन ओळींचं पत्र पाठवलं, आकड्यांसकट.

२६ ऑगस्ट

उत्तर आलं: मराठी मजकूर जोडपत्र म्हणून पाठवा, अर्जात फक्त शीर्षक टाका. बरं झालं.

शीर्षकाची गोष्ट राहिलीच. प्रकरणाचं शीर्षक ‘गृहनिर्माण संस्थांच्या सभांतील सर्वनामव्यवहार: एक अभ्यास’. ‘एक अभ्यास’ काढलं, ते सगळ्यांचंच असतं. मराठी शीर्षक झालं ‘“आम्ही” केलं, “आपण” भरायचं: सर्वसाधारण सभेतील सर्वनामे आणि निर्णयाची वाटणी’. इंग्रजीत हे खेळणं जमत नाही, दोन्ही ‘वी’ होतात, म्हणून तिथे साधं, विषय आणि ठिकाण सांगणारं शीर्षक ठेवलं आणि त्यात मराठी हे नाव आणलं. इंग्रजी यादी चाळणाऱ्याला भाषा कोणती ते आधी कळायला हवं. मराठीत ते सांगायची गरजच नाही.

शेवटचा मराठी सारांश इथे चिकटवून ठेवते. दीडशेच्या आसपास शब्द आहेत:

“गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत कामाचे श्रेय आणि खर्चाचा भार यांची वाटणी कशी होते, याचा माग ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन सर्वनामांच्या वापरातून या निबंधात घेतला आहे. व्याकरणात ही सर्वनामे श्रोत्याला वगळणारे आणि श्रोत्याला सामावणारे अशी वेगळी केली जातात. परंतु बोलणारा एकाच विषयात एकावरून दुसऱ्यावर का जातो, हे त्या विभागणीतून कळत नाही. पुण्यातील चार संस्थांच्या सहा सभांचे संमतीने केलेले ध्वनिमुद्रण आणि त्या सभांची इतिवृत्ते ही अभ्यासाची सामग्री आहे. व्यवस्थापक समितीचे सदस्य केलेल्या कामाविषयी बहुधा ‘आम्ही’ने बोलतात आणि वर्गणीचा विषय निघताच ‘आपण’कडे वळतात, हरकत घेणारे सभासद ‘तुम्ही’ने उत्तर देतात. ‘आपण ठरवलं’ यासारख्या सकर्मक भूतकाळी वाक्यांत क्रियापद कर्मानुसार चालते, त्यामुळे ‘आपण’ म्हणजे सारे की समोरची व्यक्ती हे रूपावरून नेहमी कळत नाही. इतिवृत्तातील ‘असे ठरले’ या नोंदीत तर कर्ताच उरत नाही. सभेतील ‘आपण’ श्रोत्याला केवळ सामावत नाही, तर त्याची संमती गृहीत धरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. निष्कर्ष या सहा सभांपुरते मर्यादित आहेत.”

‘माग घेतला आहे’ अजून थोडं पोलिसी वाटतं. तिला आवडतं, म्हणून ठेवलं.

२८ ऑगस्ट

दोन्ही पाठवले. इंग्रजी एकशे सत्त्याण्णव शब्द. पीडीएफ करताना मराठीतली जोडाक्षरं तुटली नाहीत ना ते तिच्या आणि माझ्या, दोन्ही फोनवर उघडून पाहिलं. ‘व्यवस्थापक’ आणि ‘निष्कर्ष’ हे दोन शब्द बघायचे, तुटायचं असेल तर तिथे तुटतं.

‘उरलेलं’ फाईल आता नऊ पानांची आहे. तिने विचारलं की प्रश्नोत्तरांत “आपण नाही येणार बुवा” सांगितलं तर चालेल का. कोणी विचारलं तर सांग म्हटलं. ती म्हणाली, विचारायला मैत्रिणीला बसवते.